पायांना मुंग्या, चालताना तोल जातो, जीभ सोललेली, पण हिमोग्लोबिन मात्र वाढतंय. बी-१२ नेमकं कसं तपासतात? (कोल्हापूर)

करवीरची_सून

नमस्कार मंडळी. सासऱ्यांबद्दल विचारायचं आहे. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. वय ६६, मंगळवार पेठेत राहतो. आप्पा माळकरी. माळ घातल्याला पंचवीसेक वर्षं झाली असतील, तेव्हापासून मटण, मासे, अंडी सगळं बंद. अंडं घातलेला केकसुद्धा चालत नाही.

दिवाळीच्या सुमारास पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. दोन्ही पायांना, अगदी सारख्या. आधी बोटं, मग तळवे, आता घोट्याच्या वरपर्यंत. म्हणतात, फरशीवर कापूस अंथरल्यासारखं वाटतं. मग चालणं बिघडलं. दिवसा पाय जरा फाकवून, खाली बघत चालतात. संध्याकाळी महाद्वार रोडला गर्दीत गेले की दुकानाच्या कट्ट्याला हात लावत लावत जातात. त्यातच जीभ लालभडक आणि गुळगुळीत झालीय. तिखट सोडाच, कोमट चहा झोंबतो.

फॅमिली डॉक्टरांनी साखर बघितली, नॉर्मल. मार्चमध्ये सीबीसी केली, हिमोग्लोबिन १०.९. मेडिकलमधून रक्तवाढीची गोळी आणली, लोह आणि फॉलिक ॲसिडची. जूनमध्ये परत केली तर १२.६. घरात सगळे खूश. पण चालणं मार्चपेक्षा वाईट आहे! रक्त वाढतंय तर पाय का बिघडतायत? एकानं बी-१२ तपासा म्हणून सांगितलं. ते नुसतं एक रक्त देऊन कळतं का? आणि आप्पांना आषाढीला नंदवाळच्या दिंडीत चालायचंय, तो घरातला वेगळाच तंटा.

शाहूपुरीचा_शाम

ताई, हे शंभर टक्के मणक्याचं. माझ्या मेहुण्याला डिट्टो असंच, पायाला मुंग्या, चालताना लटपट. एमआरआय केला तर कमरेत गादी सरकलेली. व्हिटॅमिनच्या नादात वेळ घालवू नका, आधी एमआरआय करा.

कट_जास्त

कोल्हापुरात राहून पांढरा रस्सा बंद केला की हे असंच होतंय बघा 😄 आप्पांना म्हणावं रोज एक उकडलेलं अंडं, विषय संपला.

करवीरची_सून

@कट_जास्त, दादा, ते होणार नाही. माळ आहे. दुसरं काही सुचत असेल तर सांगा.

डॉ_रात्रपाळी

मी मेडिसिनचा डॉक्टर आहे. इथून औषध लिहून देणार नाही, पण काही प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरं महत्त्वाची आहेत.

पायातून चप्पल निसटली तर आप्पांना कळतं का? तोंड धुताना, म्हणजे डोळे मिटलेले असताना, तोल जातो का? रात्री अंधारात जास्त त्रास होतो का? लघवी-संडासवर ताबा आहे ना? कंबरदुखी, पायात कळ जाणं असं काही? आणि रोजच्या गोळ्या कुठल्या, अगदी ॲसिडिटीचीसुद्धा सांगा.

करवीरची_सून

डॉक्टर, तुम्ही घरी येऊन गेलात की काय असं वाटलं. चप्पल! परवा देवळातून परत येताना डाव्या पायातली कोल्हापुरी वाटेत कुठेतरी राहिली आणि आप्पा तसेच दहा-पंधरा पावलं पुढे आले. मागून पोरानं ओरडून सांगितलं तेव्हा कळलं. आम्ही हसलो होतो तेव्हा.

तोंड धुताना बेसिनला पोट टेकवून उभे राहतात. साबण लावून डोळे मिटले की एक हात नळाला. लाईट गेली की उठतच नाहीत. लघवी वगैरे ठीक. कंबरदुखी नाही. गोळ्या म्हणाल तर बीपीची एक, आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची ॲसिडिटीची कॅप्सूल. ती मात्र कितीतरी वर्षं चालू आहे.

डॉ_रात्रपाळी

मग ऐका. पाऊल कुठे पडलंय, बोट वर आहे की खाली, ही खबर पायाकडून मेंदूला मज्जारज्जूच्या मागच्या भागातून जाते. बी-१२ कमी पडलं की पहिला मार त्या तारांच्या आवरणावर बसतो. खबर अर्धवट पोचते, म्हणून माणूस डोळ्यांनी बघून चालतो. खाली बघत चालणं, अंधारात न उठणं, बेसिनला टेकणं, सगळं त्यातलंच. ताकद गेलेली नसते, पत्ता हरवलेला असतो. कमरेतल्या गादीनं साधारण एका पायात कळ जाते, ती इथे दिसत नाही.

आता रक्त वाढून पाय बिघडतात कसे. रक्तपेशी तयार व्हायला बी-१२ आणि फॉलिक ॲसिड दोन्ही लागतात आणि तिथे भरपूर फॉलिक ॲसिड दिलं की बी-१२ ची उणीव काही काळ भरून निघाल्यासारखी दिसते. हिमोग्लोबिन चढतं. नसांच्या आवरणाला मात्र फॉलिक ॲसिडचा उपयोग नाही, तिथली झीज चालूच राहते. म्हणून नुसती रक्तवाढीची गोळी चालू ठेवून वाट बघणं हे अशा माणसाच्या बाबतीत सगळ्यात वाईट. हिमोग्लोबिन पूर्ण नॉर्मल असूनही मज्जारज्जूला इजा झालेली असू शकते, असे पेशंट पाहिलेत.

मार्चच्या सीबीसीत एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, किती होता ते कागदावर बघा.

करवीरची_सून

मार्चला १०६, जूनला ९७. कुणी त्याबद्दल काही बोललं नव्हतं.

डॉ_रात्रपाळी

१०६ म्हणजे पेशी फुगलेल्या. शंका घ्यायला तेवढं पुरेसं होतं. आता ९७ झालंय ते गोळीमुळे, म्हणून जूनच्या रिपोर्टवर जाऊ नका.

प्रत्यक्ष भेटीत डॉक्टर साधारण काय करतील ते सांगतो, म्हणजे झालं की नाही ते तुम्हाला कळेल. १२८ चा ट्यूनिंग फोर्क वाजवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवतात आणि थरथर जाणवते का विचारतात. अंगठ्यावर नाही कळली तर घोटा, मग नडगी, मग गुडघा, कुठून कळायला लागते ते बघत वर जातात. डोळे मिटायला लावून अंगठा वर-खाली करतात आणि कुठे आहे विचारतात. मग पाय जुळवून उभं करतात, आधी डोळे उघडे, नंतर मिटून. उघड्या डोळ्यांनी स्थिर आणि मिटल्यावर डुलायला लागला तर दोष त्या मागच्या तारांत. घरी हे करून बघायचा मोह होईल. करायचंच तर दोन्ही बाजूंना धरायला माणूस हवा आणि कोपऱ्यात करा. ६६ व्या वर्षी खुबा मोडून घेण्याइतकं महत्त्वाचं नाही ते.

शाहूपुरीचा_शाम

डॉक्टरसाहेब, तुमचा मान राखून. पण एमआरआय न करता व्हिटॅमिन म्हणून मोकळं होणं बरोबर आहे का? मेहुण्याचंही सगळे व्हिटॅमिनच म्हणत होते.

डॉ_रात्रपाळी

शामराव, तुमचा मुद्दा पूर्ण चुकीचा नाही, फक्त जागा चुकतेय. कमरेचा नव्हे, मानेचा मणका. मानेत मज्जारज्जू दाबला गेला तर या वयात अगदी असंच चालणं होतं आणि हाताची बोटं जड पडतात, शर्टाची बटणं लावता येत नाहीत. म्हणून तपासताना हात आणि गुडघ्याचे झटके बघायचेच. शंका असेल तर मानेचा एमआरआय होतो, आणि बी-१२ च्या केसमध्ये त्यात कधी कधी मज्जारज्जूच्या मागच्या भागात पांढरा पट्टा दिसतो. पण नाही दिसला तरी बी-१२ वगळता येत नाही. दोन्ही एकत्र असणंही शक्य आहे. मी आधी रक्त काढीन, कारण ते उद्या सकाळी होतं.

मेघना_सांगली

माझं विचारू का? मला मधुमेह, आठ-नऊ वर्षं मेटफॉर्मिन. तळव्यांची आग होते. डॉक्टर म्हणतात शुगरमुळे, सहन करा. मी शाकाहारी, पण दूध-दही भरपूर. मला पण हेच असेल का?

डॉ_रात्रपाळी

मेघनाताई, असू शकतं. मधुमेहानं तळव्यांची आग होतेच, पण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की आतड्यातून बी-१२ शोषलं जाणं कमी होतं, आणि दोन्ही त्रास एकमेकांवर चढतात. बी-१२ एकदा मोजून घ्या, आणि आपल्या मनानं मेटफॉर्मिन बंद करू नका. पुढचं तुमच्या धाग्यावर बोलू, इथे आप्पांचं राहून जाईल.

सेंद्रिय_सदा

इथे कुणी मूळ कारणावर बोलतच नाही. आपले आजोबा-पणजोबा शाकाहारी होते, त्यांना कुठे होतं हे? त्या काळी आंबील, ताक, शेतातली न धुतलेली भाजी, विहिरीचं पाणी. आता सगळं आरओ आणि क्लोरीन. आप्पांना रोज नाचणीची आंबील आणि स्पिरुलिनाच्या गोळ्या द्या. स्पिरुलिनात बी-१२ भरपूर असतं, डब्यावर लिहिलेलं असतं.

लॅबवाली_आजी

सदाभाऊ, मी आयुष्यभर लॅबमध्ये काम करून निवृत्त झाले, म्हणून बोलते. तुमचं अर्धं खरं आहे. बी-१२ झाडं बनवत नाहीत, जनावरंही बनवत नाहीत, ते जिवाणूच बनवतात. पण अस्वच्छ पाण्यातून काही मिळत असलंच तर त्याबरोबर कॉलरा आणि कावीळही मिळायची. आंबील आंबवणारे जिवाणू पुरेसं बी-१२ बनवतात असं धरून चालता येत नाही. आणि स्पिरुलिनात बहुतेक बी-१२ सारखं दिसणारं पण शरीराला न चालणारं द्रव्य असतं. त्यानं पायाचं काही होत नाही, उलट रक्ताच्या आकड्याचा घोळ होऊ शकतो.

दुधाचा हिशेब मात्र करू. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम लागतं. एक पेला दुधातून अंदाजे एक मिळतं. म्हणजे दोन-अडीच पेले दूध किंवा तेवढं दही रोज पोटात गेलं तर कागदावर तरी भागतं. सूनबाई, आप्पा दूध किती घेतात?

करवीरची_सून

आजी, पूर्वी गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिणारा माणूस. आता पित्त होतं म्हणून बंद. दिवसभरात तीन चहा, त्यात पडेल तेवढंच. दही संध्याकाळी चालत नाही म्हणतात, दुपारी वाटीभर ताक, पाण्यासारखं.

लॅबवाली_आजी

म्हणजे दिवसाला अर्धा मायक्रोग्रॅमसुद्धा जात नसेल. वर ती ॲसिडिटीची कॅप्सूल.

डॉ_रात्रपाळी

कॅप्सूलचा मुद्दा आजींनी बरोबर धरला. अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सोडवायला पोटातलं आम्ल लागतं. आम्ल वर्षानुवर्षं दाबलं की दुधातलं होतं तेही सुटत नाही. आणि मग २५ वर्षं काही झालं नाही, आत्ताच का? कारण यकृतात याचा मोठा साठा असतो, तो कित्येक वर्षं पुरतो. खर्च मिळकतीपेक्षा जास्त झाला तरी बराच काळ काही जाणवत नाही.

तपासणीचं सांगतो. उद्या सकाळी, कुठलीही बी कॉम्प्लेक्स गोळी किंवा सुई घ्यायच्या आधी, रक्त द्या. बी-१२, होमोसिस्टीन, क्रिएटिनिन, थायरॉईड, तीन महिन्यांची साखर आणि रक्ताची काच, म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. मग त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. चालण्यावर परिणाम झालेला असताना रिपोर्टची वाट बघत आठवडा घालवत नाहीत, रक्त काढून झालं की पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी देता येतं. उलट क्रम मात्र नको. आधी सुई आणि मग रक्त दिलं की बी-१२ चा आकडा आकाशाला भिडतो आणि खरं काय होतं ते कायमचं झाकलं जातं.

अचानक पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा एकच बाजू लुळी पडली तर मात्र यातलं काही न करता थेट सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात.

लॅबवाली_आजी

आणि सूनबाई, होमोसिस्टीनचा नमुना घरी घ्यायला लॅबच्या मुलाला बोलावू नका, लॅबमध्ये जाऊन द्या. रक्त काढल्यावर बर्फात ठेवून तासाभरात फिरवून वेगळं केलं नाही तर लाल पेशीतून होमोसिस्टीन झिरपत राहतं आणि आकडा खोटा चढतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या कुणी घेत असेल तर तेही सांगायचं, काही मशीनवर बी-१२ खोटं जास्त येतं.

करवीरची_सून

अपडेट. आजी, तुमचा प्रतिसाद वाचायच्या आधीच लॅबचा मुलगा सकाळी येऊन रक्त घेऊन गेला होता. दुपारी फिजिशियनना दाखवलं, ट्यूनिंग फोर्क लावला. अंगठ्यावर काहीच कळलं नाही, घोट्यावरही नाही, गुडघ्यावर कळलं. पाय जुळवून डोळे मिटल्यावर आप्पा गेलेच असते, डॉक्टरांनी धरलं. हात ठीक आहेत म्हणाले. पहिलं इंजेक्शन तिथेच दिलं.

रिपोर्ट आले. बी-१२: २१२, आणि रिपोर्टवर नॉर्मल रेंज १८७ ते ८८३. होमोसिस्टीन ५८, नॉर्मल १५ पर्यंत. क्रिएटिनिन, थायरॉईड, साखर नॉर्मल. काचेवर लिहिलंय, न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला जास्त खंड. आता बी-१२ तर रेंजमध्ये आहे. मग?

शाहूपुरीचा_शाम

बघा, मी म्हटलं नव्हतं? रेंजमध्ये आहे. एमआरआय करा.

लॅबवाली_आजी

शामराव, रेंजची खालची कड म्हणजे कुंपण नव्हे. १८७ वर सगळे आजारी आणि १८८ वर सगळे बरे, असं कुठलंच मशीन सांगत नाही. २०० ते ३०० या पट्ट्यात आकडा आला तर एकट्या बी-१२ वर निकाल लावत नाहीत. शिवाय हा आकडा रक्तातलं एकूण बी-१२ मोजतो, त्यातला मोठा हिस्सा पेशींना वापरता येत नाही अशा वाहकाला बांधलेला असतो. एक भानगड आणखी आहे. ज्यांच्या पोटाविरुद्ध शरीरातच अँटिबॉडी असतात, त्यांच्यात काही मशीनवर बी-१२ खोटं नॉर्मल दिसू शकतं.

म्हणूनच होमोसिस्टीन काढायचं असतं. पेशीला बी-१२ मिळत नसेल तर ते साचतं. आता सूनबाई, मुलानं रक्त किती वाजता काढलं आणि लॅबला किती वाजता पोचलं?

करवीरची_सून

साडेसातला काढलं. त्याला पुढे राजारामपुरीत आणि टाकाळ्याला अजून घरं होती म्हणाला. रिपोर्टवर 'नमुना मिळाला ९.५०' असं छापलंय. बर्फ वगैरे काही दिसला नाही.

लॅबवाली_आजी

दोन तास वीस मिनिटं, स्कूटरच्या डिकीत. नमुना बाहेर पडून राहिला की आकडा तासाला साधारण दहा टक्के चढतो असं धरतात. म्हणजे ५८ मधले दहा-बारा त्या डिकीनं वाढवले असं समजा. तरी खरा आकडा ४५ च्या आसपास राहतो, वरच्या मर्यादेच्या तिप्पट. आकड्यावर माझा भरवसा नाही, पण तो वाढलेला आहे यावर आहे.

डॉ_रात्रपाळी

बरोबर. आणि आता बघा, होमोसिस्टीन इतर कारणांनीही वाढतं, फॉलिक ॲसिड कमी असेल तर, मूत्रपिंड थकलं असेल तर, थायरॉईड कमी असेल तर. आप्पा तीन महिने फॉलिक ॲसिड खातायत, म्हणजे ते कमी असण्याची शक्यता जवळजवळ नाही. क्रिएटिनिन आणि थायरॉईड ठीक. मग उरतं बी-१२. काचेवरच्या जास्त खंडांच्या पेशी त्याच दिशेनं बोट दाखवतात, आणि पायातली तपासणी तर आहेच.

आणखी पक्कं करायचं तर मिथाइलमलोनिक ॲसिड, म्हणजे एमएमए. फॉलिक ॲसिडच्या कमतरतेनं ते वाढत नाही, म्हणून जास्त नेमकं. पण महाग, नमुना बाहेरगावी जातो, आणि इंजेक्शनं सुरू झाल्यावर ते काही दिवसांत उतरायला लागतं. या केसमध्ये माझ्या मते गरज नाही. दुसरा एखादा डॉक्टर काढायला सांगेल, तेही चूक म्हणणार नाही.

शाहूपुरीचा_शाम

बरं, पटलं. पण इतकं सगळं जुळवून निदान करायचं तर साधा माणूस काय करणार?

कट_जास्त

साधा माणूस म्हणून तर म्हटलं अंडं 😄 बरं बरं, थांबतो. पण खरं विचारतो, रोज अंडं खाल्लं असतं तर आता पाय सुधारले असते का?

डॉ_रात्रपाळी

नाही. एका अंड्यात अर्धा मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, तेही अन्नातलं, म्हणजे आम्ल लागणारच. साठा रिकामा झाल्यावर इंजेक्शनच्या एका सुईत हजार मायक्रोग्रॅम देतात. पायावर परिणाम झालेला असला की सुरुवातीला बहुधा एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्या-दोन महिन्याला. नेमकं वेळापत्रक आप्पांचे डॉक्टर ठरवतील.

करवीरची_सून

अजून एक अडचण. इंजेक्शनांबरोबर डॉक्टरांनी बी-१२ ची कॅप्सूल पण लिहून दिलीय, लाल, मऊ. आप्पांनी हातात घेऊन विचारलं, "ह्याचं टरफल कशाचं?" मुलानं नेटवर बघितलं तर जिलेटिन. आप्पांनी पाकीट देव्हाऱ्याच्या कट्ट्यापासून लांब नेऊन ठेवलं. इंजेक्शनातही तसलं काही असतं का हो?

लॅबवाली_आजी

आप्पांचं बरोबर आहे, मऊ कॅप्सूलचं टरफल बहुधा जनावराच्या जिलेटिनचं असतं. औषधांवर हिरवा-लाल ठिपका असेलच असं नाही, म्हणून विचारावंच लागतं. पण आतलं बी-१२ कारखान्यात जिवाणू वाढवून काढतात, ते चालायला हरकत नसावी. इंजेक्शनात जिलेटिन नसतं. नुसती दाबून केलेली गोळीही मिळते, फक्त वरच्या थरात काय आहे ते डब्यावर वाचून घ्या.

डॉ_रात्रपाळी

डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ते गोळी बदलून देतील. न सांगता पाकीट पडून राहतं आणि सहा महिन्यांनी पेशंट म्हणतो फरक पडला नाही, असं बऱ्याचदा होतं.

आणि रक्तवाढीच्या गोळीचंही त्यांनाच विचारा. बी-१२ चालू असताना फॉलिक ॲसिड घेणं वेगळं आणि एकटं घेणं वेगळं.

सेंद्रिय_सदा

म्हणजे आयुष्यभर सुया? हे औषध कंपन्यांचं फावलं म्हणायचं.

डॉ_रात्रपाळी

सदाभाऊ, बी-१२ चं इंजेक्शन महागड्या औषधांत मोडत नाही, कंपन्यांना फावायचं तर दुसरं बरंच आहे. आयुष्यभर की नाही, हे कारणावर ठरतं, आणि कारण अजून कळलेलं नाही. फक्त आहार आणि ॲसिडिटीच्या कॅप्सूलमुळे असेल तर साठा भरल्यावर रोजच्या गोळीवर येता येईल, कारण गोळीतलं बी-१२ सुटंच असतं, ते सोडवायला आम्ल लागत नाही. पण बी-१२ आतड्यात शोषलं जायला पोटानं बनवलेलं एक प्रथिन लागतं, इंट्रिन्सिक फॅक्टर. शरीरच त्याच्याविरुद्ध उठलं असेल तर मामला वेगळा. तेव्हा आयुष्यभर इंजेक्शन, नाहीतर रोज मोठ्या मात्रेची गोळी, कारण त्यातलं एक टक्क्याच्या आसपास त्या प्रथिनाशिवायही शोषलं जातं. शाकाहारी माणूस दिसला की सगळे आहारावर ढकलतात आणि पोट कुणी बघत नाही. सूनबाई, डॉक्टरांना इंट्रिन्सिक फॅक्टरच्या अँटिबॉडीबद्दल विचारा.

मेघना_सांगली

माझं बी-१२ आलं, १४०. मी वेगळा धागा काढते. आजी, मी रक्त लॅबमध्ये जाऊन दिलं 🙏

करवीरची_सून

अपडेट २. जीभ सुधारली. आठ-दहा दिवसांतच चहा झोंबायचा थांबला. काल आप्पांनी स्वतःहून मिसळ मागवली, कट वेगळा ठेवून. पण पायाच्या मुंग्या वाढल्यात! रात्री झोप लागत नाही. इंजेक्शन सोसत नाही की काय, बंद करूया म्हणतात.

डॉ_रात्रपाळी

बंद करू नका. सुरुवातीला मुंग्या वाढलेल्या बऱ्याच जणांत दिसतात, पण आप्पांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, झोपेसाठी काही देता येईल. जीभ लवकर सुधारते, रक्त महिन्या-दोन महिन्यांत सावरतं, नसांना सहा महिने किंवा जास्त लागतात. सुधारणा बघायची ती मुंग्यांवर नव्हे. डोळे मिटून तोंड धुता येतं का, चप्पल निसटली की कळते का, याकडे लक्ष ठेवा. आणि आता बी-१२ परत मोजू नका. इंजेक्शन चालू असताना ते जास्तच येणार, पैसे फुकट. परत मोजायचंच तर होमोसिस्टीन, या वेळी बर्फातलं.

सगळं पहिल्यासारखं होईल का, हे आज सांगता येत नाही. लक्षणं दिवाळीपासूनची आहेत, त्रास जितका जुना तितकं मागे काही राहून जाण्याची शक्यता जास्त.

शाहूपुरीचा_शाम

आणि दिंडीचं काय ठरलं? नंदवाळपर्यंत चालायचं म्हणजे गंमत नाही.

करवीरची_सून

त्यावरून घरात दोन दिवस धुसफूस. डॉक्टरांनी चालायला नाही म्हटलंय, गर्दीत धक्का लागला तर सावरता येणार नाही. आप्पा म्हणाले मग मी जातच नाही. शेवटी ठरलं की यांनी नंदवाळला गाडीनं न्यायचं आणि देवळाजवळचा थोडा भाग काठी घेऊन, पोराचा हात धरून चालायचं. अंधार पडायच्या आत घरी. संडासच्या वाटेवर रात्रभर एक छोटा बल्ब लावलाय, तो आप्पांना आवडलेला नाही.

अँटिबॉडीचा रिपोर्ट आला, निगेटिव्ह. म्हणजे पोटाचं कारण नाही ना?

डॉ_रात्रपाळी

तसं म्हणता येत नाही. पॉझिटिव्ह आली तर निदान पक्कं, पण निगेटिव्ह आली तरी बऱ्याच जणांत तो आजार असतो. पोटाचं अस्तर पातळ झालंय का हे एंडोस्कोपीत, तुकडा घेऊन कळतं. ॲसिडिटीची कॅप्सूल इतकी वर्षं चालू आहे, तर ती लागते तरी का, हेही त्या निमित्तानं बघून घ्यावं असं माझं मत.

करवीरची_सून

डॉक्टर पण एंडोस्कोपीच म्हणतायत. आप्पा म्हणतात एकादशी झाल्यावर बघू. उपाशीपोटी नळी घालतात ना, मग एकादशीलाच केली तर एक उपास वाचेल, असं मी म्हटलं तर बोलेनासे झालेत.

कट_जास्त

😂 ताई, द्वादशीला विचारा. पारण्याला खाऊन झालं की माणूस ऐकतो.

लॅबवाली_आजी

द्वादशीला विचारा, पण तारीख आत्ताच घेऊन ठेवा. आणि ॲसिडिटीची कॅप्सूल एंडोस्कोपीच्या आधी बंद करायची का, किती दिवस, हे आपल्या मनानं न ठरवता त्या डॉक्टरांनाच विचारून घ्या.